नोंदणी फी मागणारं नोकरीचं पोर्टल खरं की खोटं? कागदपत्रं देण्याआधी करायची तपासणी

माझा धाकटा भाऊ आयटीआय फिटर आहे. गेल्या पावसाळ्यात त्याच्या गावातल्या ग्रुपवर एक मेसेज आला: भुसावळ रेल्वे विभागात ठेका पद्धतीने भरती, परीक्षा नाही, पोर्टलवर नोंदणी करा, फी फक्त ६५० रुपये. त्याने रात्री शेतावरून आल्यावर मोबाईलवरच फॉर्म भरला. आधार, पॅन, दहावीची आणि आयटीआयची मार्कशीट, पासबुकाचं पहिलं पान, फोटो, सही, सगळं चढवलं. आठव्या दिवशी फोन आला की निवड झाली, मेडिकल आणि युनिफॉर्मचे २,८५० भरा, पहिल्या पगारात परत मिळतील. तेही भरले. पोलीस पडताळणीचे ६,५०० मागितले तेव्हा तो माझ्याकडे आला. आमचे आबा ओट्यावर बसून ऐकत होते. ते एवढंच म्हणाले, "नोकरी देणारा पैसा कसाले मांगस?"

मी अमळनेरला एका जिनिंगमध्ये हिशेब बघतो. रोज जीएसटी नंबर, कंपन्यांची नावं, बँकेच्या नोंदी डोळ्यांखालून जातात. तरी पोर्टल कसं तपासायचं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. भावाचं प्रकरण निस्तरताना एकेक गोष्ट कळत गेली. दोन महिन्यांनी शहाद्याहून माझ्या मावसबहिणीचा फोन आला. तिच्याकडेही एक पोर्टल आलं होतं: "तालुका समन्वयक व डेटा एन्ट्री ऑपरेटर", पगार १८,५००, नोंदणी फी ५९० रुपये. तिने अजून काही भरलेलं नव्हतं. आम्ही दोघांनी फोनवर बोलत बोलत ते पोर्टल तपासलं, दीड तास लागला. तोच क्रम इथे मांडतो. पोर्टलचं नाव लिहीत नाही, कारण अशी पोर्टलं महिन्यात नाव बदलतात आणि तुमच्यासमोर येईल ते वेगळंच असेल.

## आधी हाताशी काय ठेवायचं

- मोबाईलमधला साधा ब्राउझर. पोर्टलवाले त्यांचं ॲप मेसेजमधून पाठवत असतील तर ते टाकू नका.
- जाहिरातीचा मूळ मेसेज आणि त्यातली लिंक. मेसेज पुसू नका.
- पोर्टलवर दाखवलेली प्रमाणपत्रं, नंबर, पत्ता यांचे स्क्रीनशॉट. ब्राउझरमधला पूर्ण पत्ता त्यात दिसला पाहिजे.
- एक वही आणि पेन. ही तपासणी चार ठिकाणची माहिती एकमेकांशी जुळवण्याची आहे, ती डोक्यात राहत नाही.

तुमची स्वतःची कागदपत्रं या यादीत नाहीत. तपासणी पूर्ण होईपर्यंत त्यांची गरजच पडत नाही.

## १. पोर्टलचा पत्ता मागून पुढे वाचा

मोबाईलवर ब्राउझर पत्ता अर्धाच दाखवतो. वरच्या पट्टीवर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडा. `https://` नंतर जो पहिला तिरका दांडा येतो, तिथे थांबा आणि त्या दांड्यापासून मागे वाचत जा. साइट कोणाची आहे ते तिथेच ठरतं. दांड्याच्या पुढे कितीही सरकारी शब्द असले तरी त्यांना अर्थ नाही.

महाराष्ट्र शासनाचं रोजगार नोंदणीचं खरं पोर्टल बघा:

```
rojgar.mahaswayam.gov.in
```

शेवट `.gov.in` असा आहे. हा शेवट आणि `.nic.in` हा शेवट सरकारी कार्यालयांनाच मिळतो. आता मी समजावण्यासाठी रचलेले हे दोन पत्ते बघा:

```
mahaswayam-gov.in
mahaswayam.gov.in.bharti-form.online
```

पहिल्यात `gov` च्या आधी टिंब नाही, आडवी रेघ आहे. म्हणजे तो नुसता `.in` पत्ता झाला, आणि `.in` कोणीही विकत घेऊ शकतो. दुसऱ्यात `gov.in` हे शब्द आहेत, पण शेवट `.online` आहे, म्हणजे साइट `bharti-form.online` वाल्याची. `.org.in`, `.co.in`, `.net.in` हेही कोणालाही मिळतात. त्यातला `.org.in` लोकांना सगळ्यात जास्त फसवतो, कारण तो सरकारी वाटतो.

बहिणीच्या पोर्टलचा शेवट `.org.in` होता. वर चार सिंहांची राजमुद्रा होती आणि खाली "भारत सरकार मान्यताप्राप्त" असं लिहिलेलं. खासगी संस्थेने राजमुद्रा वापरायला २००५ च्या कायद्याने मनाई आहे. त्यामुळे पत्ता सरकारी नाही पण डोक्यावर राजमुद्रा आहे, एवढं दिसलं तरी पुढच्या पायऱ्या जास्त बारकाईने करायच्या.

पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावर अनेक जण विसंबतात. त्या कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्या मोबाईलपासून त्या साइटपर्यंत जाणारी माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही. साइटवाला स्वतः कोण आहे हे ते कुलूप सांगत नाही. खोट्या पोर्टललाही ते फुकट मिळतं.

## २. मूळ कार्यालयाच्या साइटवरून पोर्टलपर्यंत पोचता येतं का ते बघा

पहिल्या पायरीवरच निकाल लावायचा मोह होतो: `.gov.in` नाही म्हणजे खोटं. तसं करू नका, कारण काही खऱ्या भरतीच्या साइट `.gov.in` वर नसतात. आपल्या भागातलं ठळक उदाहरण म्हणजे मध्य रेल्वेच्या भरती कक्षाची साइट. भुसावळ विभागातले अप्रेंटिस याच कक्षाच्या जाहिरातीतून घेतले जातात आणि तिचा पत्ता `rrccr.com` असा आहे. बँकांच्या परीक्षा घेणारी संस्था `ibps.in` वर आहे. आपल्याकडच्या अनेक सरकारी खात्यांच्या भरतीचे अर्जही तिच्या किंवा दुसऱ्या परीक्षा कंपनीच्या पानावर भरून घेतले जातात.

म्हणून तपासणी उलट्या दिशेने करायची. मेसेजमधली लिंक बाजूला ठेवा. ज्या कार्यालयात नोकरी आहे असं सांगितलंय, त्याची मूळ साइट स्वतः टाइप करून उघडा. रेल्वे असेल तर मध्य रेल्वेची `cr.indianrailways.gov.in`, जिल्हा प्रशासन असेल तर `jalgaon.gov.in`, `dhule.gov.in` किंवा `nandurbar.gov.in`. तिथे भरतीचं पान काढा, जाहिरात शोधा, आणि त्या जाहिरातीत अर्जाची लिंक कुठली दिली आहे ते बघा. मूळ साइट स्वतः ज्या पोर्टलकडे बोट दाखवते ते खरं. पोर्टलने मूळ साइटकडे बोट दाखवलं तर त्याने काहीच सिद्ध होत नाही. खोटं पोर्टलही आपल्या पानावर रेल्वेची खरी लिंक लावून ठेवतं, म्हणजे तुम्ही ती दाबली की खरी साइट उघडते आणि तुमचा विश्वास बसतो. भावाच्या बाबतीत हेच झालं.

इथे दोन ठिकाणी चूक होते. मूळ साइट शोधताना गुगलमध्ये सगळ्यात वर येणारा निकाल बऱ्याचदा पैसे देऊन लावलेली जाहिरात असते, त्यावर बारीक अक्षरात "प्रायोजित" असं लिहिलेलं असतं. तो सोडून खाली या. दुसरं, जाहिरातीची पीडीएफ व्हॉट्सॲपवर मिळाली असेल तर ती धरू नका. मूळ साइटवरून उतरवलेली पीडीएफ घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा. खऱ्याच जाहिरातीत अर्जाची लिंक आणि फी एवढ्या दोन ओळी बदललेल्या असू शकतात.

ठेक्याची भरती मात्र अशी सापडत नाही. स्टेशनची सफाई, पार्सल, कॅटरिंग, दीपनगरच्या वीज केंद्रातली बाहेरची कामं, अशा ठिकाणी ठेकेदार आपली माणसं स्वतः घेतो. त्यामुळे "ठेका पद्धतीने" असं लिहिलेलं असलं की मूळ साइटवर काही दिसत नाही, आणि खोट्या पोर्टलवाल्यांना हे पक्कं माहीत असतं. अशा वेळी एकच विचारा: ठेकेदार कंपनीचं नाव काय? नाव मिळालं तर चौथ्या पायरीवर ते तपासता येतं. नाव मिळत नसेल तर पुढे जायचं कारण नाही. भावाने नंतर त्या फोनवाल्याला विचारून पाहिलं. "ते जॉइनिंग लेटरवर येईल" असं उत्तर मिळालं.

बहिणीच्या जाहिरातीत कुठल्यातरी "मिशन"चं नाव होतं. ते नाव केंद्राच्या खऱ्या योजनेशी मिळतंजुळतं होतं, एक शब्द तेवढा वेगळा. `nandurbar.gov.in` वर भरतीच्या पानावर तसलं काहीच नव्हतं.

## ३. पत्ता किती जुना आहे ते काढा

प्रत्येक साइटचा पत्ता कधी घेतला गेला याची नोंद उघड असते. `.com`, `.org`, `.online` अशा पत्त्यांसाठी `lookup.icann.org` वर जा. `.in` ने संपणाऱ्या पत्त्यांसाठी `registry.in` वर व्हूइज, म्हणजे पत्त्याची नोंद बघायची सोय आहे. पोर्टलचा पत्ता `https://` आणि दांडा न लावता टाका. निकालात `Creation Date` किंवा `Created` अशी ओळ शोधा.

बहिणीच्या पोर्टलवर "२०११ पासून सेवेत" असं लिहिलं होतं. पत्ता घेतल्याची तारीख आम्ही बघितली त्या दिवसाच्या तेवीस दिवस आधीची निघाली. त्याच पानावर "निवड झालेल्या उमेदवारांचे अनुभव" म्हणून फोटोसहित मजकूर होता, त्यातली एक तारीख चार महिन्यांपूर्वीची. तेव्हा तो पत्ताच अस्तित्वात नव्हता. बहिणीचा विश्वास खरा उडाला तो इथे.

मालकाचं नाव निकालात झाकलेलं दिसलं तर घाबरू नका, आजकाल बहुतेक सगळ्यांचं झाकलेलंच असतं. आणि पत्ता जुना निघाला म्हणून लगेच खूणगाठ बांधू नका. बंद पडलेले जुने पत्ते विकत मिळतात. नवा पत्ता आणि जुना दावा एकत्र दिसले तर ते खोटं, एवढंच या पायरीवर ठामपणे कळतं.

## ४. कंपनीची नोंद वाचा आणि जुळवा

पोर्टलवर प्रमाणपत्रांचे फोटो लावलेले असतात. फोटो बघून थांबू नका, त्यातला नंबर वहीत उतरवा. तीन प्रकारचे नंबर दिसतात आणि तिघांचं वजन सारखं नाही.

कंपनीचा CIN. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला एकवीस अक्षर-अंकांचा हा नंबर असतो. त्याची घडण अशी:

```
U 12345 MH 2019 PTC 123456
```

(हे अंक नमुन्याचे आहेत, आणि मधल्या जागा नुसत्या समजावण्यासाठी.) पहिलं अक्षर शेअर बाजारात नोंद असेल तर `L`, नसेल तर `U`. पुढचे पाच अंक धंद्याचा प्रकार सांगतात, मग राज्य, मग कंपनी स्थापन झाल्याचं वर्ष, मग कंपनीचा प्रकार, शेवटी नोंदणीचे सहा अंक. म्हणजे कुठलीही साइट न उघडता राज्य आणि वर्ष तुम्हाला तिथेच वाचता येतं. बहिणीच्या पोर्टलवरच्या नंबरात `DL` आणि २०२१ होतं. पोर्टल मात्र मुंबईचा पत्ता आणि २०११ सांगत होतं.

पुढे `mca.gov.in` वर कंपनीची मूळ माहिती दाखवणारी सोय आहे, `Master Data` या नावाखाली. नंबर टाकला की कंपनीचं नाव, सध्याची स्थिती, नोंदणीकृत पत्ता आणि ईमेल दिसतो. तो नंबर खरा निघाला, कंपनीही चालू होती. पण पोर्टलवरचं नाव, पत्ता, ईमेल यातलं काहीही त्या नोंदीशी जुळत नव्हतं. दुसऱ्याच कोणाचा तरी नंबर उचलून लावलेला. नंबर खरा निघाला की लोक तिथेच थांबतात, म्हणून सांगतो: नंबर खरा असणं पुरेसं नाही, नोंदीतला ईमेल आणि पत्ता पोर्टलवरच्या ईमेल-पत्त्याशी जुळला पाहिजे.

जीएसटी नंबर. हा पंधरा अक्षर-अंकांचा. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे त्या धंद्याचा पॅन. `services.gst.gov.in` वर करदाता शोधायची सोय आहे, तिथे लॉगिन न करता नंबर टाकता येतो आणि कायदेशीर नाव, व्यापारी नाव, नोंदणीची तारीख, चालू की रद्द हे दिसतं.

बहिणीची फी ५९० होती आणि खाली लिहिलं होतं "५०० + १८ टक्के जीएसटी". हिशेब बरोबर आहे, ५०० वर ९० होतात. पण जीएसटी घेणाऱ्याने आपला जीएसटी नंबर दाखवलाच पाहिजे, आणि त्या आख्ख्या पोर्टलवर तो कुठेही नव्हता. बहिणीने त्यांच्या व्हॉट्सॲपवर विचारलं. उत्तर आलं, "पावतीवर मिळेल, आधी पेमेंट करा." आमच्या जिनिंगमध्ये गाडीभर कापूस घेताना आम्ही व्यापाऱ्याचा नंबर आधी तपासतो, मग बिल. ज्याच्याकडे नंबर असतो तो सांगायला दहा सेकंदही घेत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. जळगाव, धुळ्यात छोट्या कन्सल्टन्सी चालतात, त्यांची उलाढाल कमी असते, त्यांना जीएसटी नोंदणी लागतच नाही. तेव्हा नंबर नाही म्हणजे लबाडच असं नाही. जीएसटीच्या नावाने पैसे घेतले आणि नंबर नाही, हे मात्र सरळ खोटं.

उद्यम प्रमाणपत्र. यावर भारत सरकारचं नाव असतं, म्हणून ते पोर्टलवर सगळ्यात मोठं लावलेलं असतं. ही नोंदणी मोफत आहे आणि स्वतः दिलेल्या माहितीवर होते, कागद चढवावे लागत नाहीत. आमच्या गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंकडेही आहे. ते लघुउद्योगाची नोंद दाखवतं. नोकरभरतीची परवानगी म्हणून त्याकडे बघू नका.

## ५. फी कसली, कोणाला, कधी ते बघा

"नोकरीसाठी फी मागितली की फसवणूक" असं सरसकट सांगितलं जातं. खान्देशातली अर्धी पोरं रेल्वे आणि स्टाफ सिलेक्शनचे फॉर्म भरतात, त्यांना ठाऊक आहे की तिथे फी असते. म्हणून हा सल्ला त्यांच्या कामाचा उरत नाही, आणि खोटी पोर्टलं त्याच फटीतून शिरतात. फरक असा ओळखा.

खरी फी परीक्षेची असते. तिचा आकडा जाहिरातीत छापलेला असतो आणि त्यात प्रवर्गानुसार सूट असते. स्टाफ सिलेक्शनची फी १०० रुपये आहे, महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि माजी सैनिकांना ती माफ. रेल्वे भरती मंडळाची सर्वसाधारण उमेदवारांसाठी ५०० रुपये, पहिली संगणक परीक्षा दिली की बँकेचा खर्च कापून ४०० परत मिळतात. ज्यांना २५० रुपये फी आहे, त्यांना ती परीक्षा दिल्यावर त्याच पद्धतीने सगळी परत मिळते. खोट्या पोर्टलवर परीक्षा नसते, सगळ्यांना एकच फी असते आणि सवलतीचा उल्लेखही नसतो. माझी बहीण आदिवासी भागातल्या पोर्टलवर अर्ज करत होती, तरी तिथे अनुसूचित जमातीसाठी वेगळी ओळ नव्हती. हे तिनेच मला दाखवलं.

नुसती नोंदणी करायला सरकारी पोर्टल पैसे घेत नाही. महास्वयमची रोजगार नोंदणी मोफत आहे, केंद्राचं `ncs.gov.in` मोफत आहे, अप्रेंटिसचं `apprenticeshipindia.gov.in` मोफत आहे. सायबर कॅफेवाला फॉर्म भरून देण्याचे पन्नास-शंभर घेतो ती त्याची मजुरी, ती वेगळी.

मग पैसे कोणाच्या नावावर जातात ते बघा. पोर्टलने यूपीआय आयडी किंवा क्यूआर दिला असेल तर तो ॲपमध्ये टाका, पण रक्कम भरायच्या आधी थांबा. त्या खात्याचं नाव स्क्रीनवर येतं. पिन टाकल्याशिवाय पैसे जात नाहीत, तेव्हा नाव बघायला भीती नाही. आम्हाला तिथे एका माणसाचं नाव दिसलं, संस्थेचं नाही. बहिणीने विचारल्यावर "ते आमचे अकाउंटंट आहेत" असं सांगितलं आणि पाच मिनिटांत दुसरा क्यूआर पाठवला. त्यावर आणखी वेगळ्याच माणसाचं नाव. मीही हिशेबनीस आहे. मालकाचे पैसे माझ्या खात्यात कधी येत नाहीत.

परत मिळणारी फी, किटचं डिपॉझिट, लॅपटॉपची सुरक्षा रक्कम, पोलीस पडताळणी, बाँडचा स्टँप: पहिली रक्कम लहान असते आणि पुढच्या अशा नावांनी वाढत जातात. भावाचे आकडे परत बघा: ६५०, मग २,८५०, मग ६,५००. पहिल्या आकड्याला माणूस "गेले तर गेले" म्हणतो आणि दुसऱ्याला "आधीचे वाया जातील" म्हणून भरतो.

## ६. फोन करायचा तो तुम्ही शोधलेल्या नंबरवर

पोर्टलवर दिलेला नंबर खोटा असेल तर त्यावर बोलणारा माणूसही त्यांचाच असणार. नंबर मूळ कार्यालयाच्या साइटवरून किंवा कंपनीच्या नोंदीतल्या ईमेलवरून मिळवा. कार्यालयीन वेळेत करा आणि एवढंच विचारा: या पदांची, या जाहिरात क्रमांकाची भरती तुमची आहे का, आणि अर्ज या पत्त्यावर घेताय का? लांबलचक हकीकत सांगू नका, समोरचा कंटाळतो आणि "माहीत नाही" म्हणून ठेवून देतो.

फोन लागत नसेल तर प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे, जुने लोक त्याला एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच म्हणतात. तिथे जाऊन जाहिरात दाखवता येते. आमच्याकडे एक काका भुसावळला लोको पायलट होते, त्यांना मेसेज दाखवल्यावर त्यांनी जाहिरात क्रमांक विचारला. तो मेसेजमध्ये नव्हताच. एवढी साधी गोष्ट आमच्या लक्षात आली नव्हती.

## ७. सगळं जुळलं तरी कागदपत्रं टप्प्याटप्प्याने द्या

पोर्टल खरं निघालं तरी एका बैठकीत सगळं चढवायची गरज नसते. खासगी नोकरीसाठी मी आता घरातल्या सगळ्यांना हा क्रम लावून दिलाय.

अर्ज करताना: बायोडाटा आणि शिक्षणाची माहिती. बायोडाटावर आधार नंबर, पॅन, आईचं नाव, जन्मतारखेसकट सही असलं काही टाकायचं नाही.

मुलाखत ठरल्यावर: मार्कशीटच्या प्रती. प्रतीवर आडवं लिहा, "फक्त अमुक कंपनीच्या अमुक पदाच्या अर्जासाठी", खाली तारीख. लिहिणं मजकुरावरून गेलं पाहिजे, कोपऱ्यात लिहिलं तर कापून टाकता येतं.

ओळख मागितली तर: मास्क केलेलं आधार. `myaadhaar.uidai.gov.in` वरून आधार उतरवताना तो पर्याय निवडला की पहिले आठ अंक झाकले जातात आणि शेवटचे चारच दिसतात.

लेखी नेमणूकपत्र हातात आल्यावर, ते कंपनीच्या मूळ ईमेलवरून आलंय हे बघून: पॅन आणि बँक खात्याचा तपशील. पगार जमा करायला खाते नंबर आणि आयएफएससी पुरतो.

ओटीपी, एटीएम कार्डाचा फोटो, सही केलेला कोरा चेक, तुमच्या नावावरचं सिम आणि पासबुक ही कुठल्याच टप्प्यावर द्यायची नाहीत. "पगारासाठी नवीन खातं उघडून एटीएम कुरिअर करा" असं सांगणारेही आहेत. त्या खात्यातून दुसऱ्यांच्या फसवणुकीचे पैसे फिरवले जातात आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात.

सरकारी भरतीत फॉर्ममध्येच फोटो, सही, आधार लागतं, तिथे हा क्रम चालत नाही. म्हणून तिथे दुसरी पायरी पक्की झाल्याशिवाय फॉर्मचं पहिलं पानही भरू नका. काही पोर्टलं अर्धवट भरलेली माहितीही साठवतात, शेवटचं बटण दाबलं नाही म्हणून ती सुटत नाही.

## ८. आधीच पैसे आणि कागद दिले असतील तर

पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, रात्र असली तरी. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी रोखता आले तरच परत मिळायची आशा असते, म्हणून इथे तास महत्त्वाचे. यूपीआयच्या व्यवहारातला बारा अंकी संदर्भ क्रमांक, रक्कम, वेळ हे समोर ठेवून बोला. मग `cybercrime.gov.in` वर तक्रार टाका आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. आपल्या बँकेलाही लेखी कळवा. फसवणाऱ्याचा फोन किंवा मेसेज `sancharsaathi.gov.in` वरच्या चक्षू या सोयीत कळवता येतो.

आम्ही १९३० ला फोन केला तो दुसरी रक्कम भरल्याच्या नवव्या दिवशी. ते ३,५०० रुपये परत आले नाहीत.

कागदपत्रांचं काम त्यापुढे बरेच महिने चालतं. आधारचे बायोमेट्रिक्स लॉक करा, `myaadhaar` वर ते होतं, आणि तिथेच गेल्या सहा महिन्यांत आधार कुठे कुठे वापरलं गेलं त्याची यादी बघा. `sancharsaathi.gov.in` वर तुमच्या नावावर किती मोबाईल नंबर चालू आहेत ते दिसतं, अनोळखी नंबर असेल तर तिथूनच कळवा. पॅन गेलं असेल तर कोणी तुमच्या नावाने कर्ज उचललंय का हे क्रेडिट रिपोर्टमध्ये कळतं. सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. चारही एकाच दिवशी मागवू नका. दर तीन महिन्यांनी एकेक मागवला की वर्षभर लक्ष राहतं.

भावाच्या नावावर एक अनोळखी सिम निघालं, ते कळवून बंद केलं. त्याचे दोन रिपोर्ट आतापर्यंत स्वच्छ आलेत. तिसरा पोळ्यानंतर मागवायचाय, तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.